नाव कुठं लिहायचं, कुठं झाकायचं

प्रिय मुली,

माईआजींच्या ध्वनिमुद्रणाचं लिप्यंतर वाचलं. सोबत तू विचारलं आहेस, "ती हो म्हणाली आहे, मग प्रबंधात नावासकट सगळं वापरलं तर चालेल ना?" ओव्या नावानिशी छाप. त्यांच्या जावेची हकीकत मात्र तशी छापता येणार नाही. आणि तू आत्ता जशी मांडणी केली आहेस, तीत नाव गाळलं तरी ती हकीकत कोणाची हे इंदुरातल्या माणसाला कळेलच. तेच जरा सविस्तर लिहिते.

आधी त्या 'हो'बद्दल. माईआजी तुझ्या आजीची सख्खी बहीण. नात पुण्याहून येते, पायाशी बसते, फोन पुढे करते. तिला नाही कोण म्हणेल? त्यांनी होकार दिला तो तुला, प्रबंधाला नव्हे. प्रबंध म्हणजे त्यांच्या डोक्यात कॉलेजात जमा करायची एक जाड वही. पीएचडीचा प्रबंध हल्ली शोधगंगेवर चढतो आणि जगातला कोणीही तो उघडून वाचू शकतो, हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही. त्यांच्या सुनेच्या माहेरचा एखादा हौशी भाचा त्यातलं पान काढून घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू शकतो. हे कळल्यावरही त्या हो म्हणाल्या, तर तो होकार.

कागदावर सही घेऊ नकोस. विद्यापीठाने छापील नमुना मागितला तर मार्गदर्शकांशी आधी बोल आणि तोंडी संमतीचं मुद्रण चालेल का ते विचार. ऐंशीच्या पुढच्या माणसापुढे सहीचा कागद आला की घरात लगेच वेगळाच वास येतो. मुलगा चष्मा लावून वाचायला घेतो, सून दारात उभी राहते, आणि माईआजींना वाटतं मकानाचं काहीतरी चाललंय. त्यापेक्षा मुद्रण सुरू करून तारीख, जागा सांग आणि त्यांच्याशी जसं बोलतेस तसंच विचार: "माईआजी, तुझा आवाज फोनमध्ये घेतेय, चालेल?" उत्तर येऊ दे. मग, "तू सांगशील ते मी पुस्तकासारखं छापणार, ते फोनवर कोणालाही वाचता येईल. त्यात तुझं नाव घालू?" पुन्हा थांब. मग, "तुझा आवाज दुसऱ्या कोणाला ऐकवला तर?" हे तीन वेगळे प्रश्न आहेत, तिन्हींची उत्तरं वेगळी येऊ शकतात. आणि एक शेवटचं: "नंतर वाटलं हे नको, तर दिवाळीपर्यंत सांग, मी काढून टाकीन." मुदत खरी सांगायची. प्रबंध जमा झाल्यावर तुझ्या हातात काही उरत नाही, तेव्हा 'कधीही काढीन' असा शब्द देऊ नकोस.

आता नावाकडे. लोकसाहित्यात गाणारीचं नाव गाळणं हा तिच्यावर अन्याय आहे, असं मी मानते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्यांत गाणारीचं नाव आणि गाव नोंदवलेलं आहे. बायकांनी रचलेलं 'एक वृद्ध स्त्री' म्हणून छापायचं आणि वर अभ्यासक म्हणून आपलं नाव, हे मला पटत नाही. माईआजींनीही नावाला हो म्हटलंच आहे. पण नाव द्यायची हीच चांगली सवय जावेच्या हकिकतीला बाधते.

तुझं परिशिष्ट बघ. ओव्यांच्या यादीत माईआजींचं पूर्ण नाव, खाली 'रामबाग, इंदूर' आणि मुद्रणाची तारीख. पुढच्या प्रकरणात 'निवेदिका ३' अशी खूण करून जावेची गोष्ट: मूल होत नाही म्हणून तिला माहेरी पाठवलं, दिरांनी दुसरं लग्न केलं. खाली पुन्हा तीच तारीख आणि तेच 'रामबाग'. परीक्षकाला यात काही दिसणार नाही. पण इंदुरात मराठी घरं एकमेकांना आडनावानं, वाड्यानं, गणेशोत्सवातल्या नाटकानं ओळखतात. तारीख जुळली की निवेदिका कोण ते कळलं, निवेदिका कळली की दीर कळले. दिरांच्या दुसऱ्या बायकोची मुलं, तू म्हणतेस तशी, सुदामानगरात राहतात. त्यांना कोणी विचारलं होतं? माईआजींची संमती माईआजींपुरती. जाऊ आज हयात नाही, तिची संमती कोणीच देऊ शकत नाही. म्हणून तर जास्त जपायचं.

तेव्हा दोन्हींचे धागे तोड. नावाच्या यादीत ओव्या, तारीख, मोहल्ला सगळं राहू दे. बिननावी निवेदनांना वेगळी क्रमवारी लाव. तारखेऐवजी फक्त वर्ष आणि मोहल्ल्याऐवजी फक्त 'माळवा' लिही. 'दीर', 'जाऊ' ही नाती 'सासरचे एक नातलग' इतकी सैल कर. कोणता क्रमांक कोणाचा, हे सांगणारी वही एकच, हातानं लिहिलेली, तुझ्या कपाटात. ती ड्राइव्हवर चढवायची नाही. मार्गदर्शकांना ताडून बघायचं असेल तर समोर बसून दाखव.

एवढ्यानेही एक फट उरते. ती हकीकत संपल्यावर माईआजींनी लगेच वांझपणाची ओवी गायली, आणि तू ती नावाच्या यादीत घेतली आहेस. 'ही ओवी एका घरगुती प्रसंगानंतर गायली' अशी टीपही खाली दिली आहेस. ती टीप कामाची आहे, कारण कुठली ओवी कशावरून आठवली हे कळल्याशिवाय तुझं प्रकरण उभं राहत नाही. पण मग ती एक ओवी नावाच्या यादीतून उचलून बिननावी भागात ने. माईआजींच्या नावावर एक ओवी कमी होईल. त्यांना तसं सांग. त्या काही रागावणार नाहीत.

नाव खुद्द ओवीतही असतं, हे तुझ्या नजरेतून सुटलंय. त्यांनी गायलेली ही ओवी:

इंदुराच्या वाटेवरी धुरळा कशाचा उडाला
बंधू माझा मनोहर भेटीसाठी गं आला

हा मनोहर नुसता रूढीतला बंधू नव्हे, त्यांचा पाठचा भाऊ आहे. गाणारी आपल्या भावाचं, बाळाचं नाव त्या जागी बसवते, ही ओवीची रीतच. भावाचं नाव छापायला भावाच्या घरच्यांची हरकत नसेल तर प्रश्न नाही. असेल तर तिथे फुली मारू नकोस, ठेका मोडतो. माईआजींनाच विचार, "इथे दुसरं नाव घालून म्हणशील?" त्या 'दिवाकर' म्हणून मोकळ्या होतील, कारण हे काम त्या आयुष्यभर करत आल्या आहेत. खाली टीप दे की नाव गाणारीनेच बदललं आहे.

लिप्यंतराबद्दल माझी तक्रार मोठी आहे. तू लिहिलंस: "त्या काळी नळावर पाणी भरण्यासाठी रांग लागत असे व थोरली जाऊ मला आधी पाठवीत असे." मुद्रण लावून ऐकलं. माईआजी म्हणतात: "अगं नलावर लाइन लागायची ना, मग जाऊबाई म्हणायच्या, तू जा पहले. मी... (थांबतात) मी कशाला जाऊ गं पहले. पण गेले." तुझ्या वाक्यात इंदूर राहिलं नाही, आणि तो थांबाही गेला. शिवाय 'कशाला जाऊ' आणि 'पण गेले' यांतली सगळी गंमत गळली. हिंदी-माळवी मिसळलेलं बोलणं पुण्याच्या परीक्षकाला अशुद्ध वाटेल म्हणून तू ते पुसलंस, असं दिसतं. जसं बोलल्या तसंच उतरव. थांबा कंसात, न कळलेला शब्द 'अस्पष्ट' म्हणून, आणि दर पानाला मुद्रणातली वेळ. अर्थ लागत नसेल तर तळटीप दे, मूळ वाक्य हलवू नकोस. एका तासाच्या बोलण्याला सहा-आठ तास लागतात. तुला त्याहून फार कमी लागले असतील तर बहुधा तू ऐकून सारांश लिहिते आहेस.

ओवी मात्र दोनदा उतरव: एकदा गायली तशी, म्हणजे पहिली ओळ पुन्हा म्हटलेली आणि मधले 'गं बाई' धरून, एकदा नुसते चरण. आणि त्यांना 'सांग' म्हणू नकोस, 'म्हण' म्हण. नुसतं सांगायला लावलं की चरण पुढेमागे होतात, चालीवर आले की ओळीने येतात. त्या स्वतः जात्यावर बसल्या होत्या की आईचं ऐकून पाठ झालं, हेही विचारून नोंदव. बऱ्याच घरांत चक्की आल्यावर ओवी ऐकण्यापुरतीच उरली.

मुद्रणात मधेच सून बोलते, "असं नव्हतं आई, ते नंतर झालं." तू तिचं वाक्य माईआजींच्या तोंडी घातलं आहेस. वेगळी ओळ, वेगळी खूण, आणि तिचीही संमती. तिचाही आवाज त्यात आहे.

माईआजींना हल्ली विसरायला होतं, असं तू लिहितेस. तर तिन्ही प्रश्न प्रत्येक बैठकीला नव्याने. मुलाने "विचार तू, काही हरकत नाही" म्हटलं तरी ती त्यांची परवानगी झाली नाही. त्यांनी दोनदा "कशासाठी घेतेस गं हे?" विचारलं, तर त्या दिवशी फोन बाजूला ठेव आणि नुसतं बस.

मे महिन्यात येशील तेव्हा बैठक सकाळी लवकर ठेव, दुपारी कूलर बंद करता येणार नाही आणि त्याच्या घरघरीत निम्मे शब्द बुडतील. फोन विमान मोडवर, फाइल डब्ल्यूएव्हीमध्ये. मला पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून. जायच्या आदल्या दिवशी लिप्यंतर त्यांना मोठ्याने वाचून दाखव. डोळ्यांनी त्यांना आता वाचवत नाही. 'हे नको' म्हणतील तिथे त्यांच्यासमोर ओळ मार, आणि मूळ मुद्रणातूनही तेवढा भाग कापून टाक. जावेच्या हकिकतीवर त्या काय म्हणतात ते मला कळव, मग प्रकरण तिसरं बघू.

तुझी,
काकू
इंदूर