तक्रार मागे घ्या, पण "गैरसमज झाला होता" असं लिहून देऊ नका

प्रश्न : वकील साहेब, जळगावात भाड्याने राहते, भाडं महिना ६,००० रुपये. हॉलचा स्लॅब गळायचा आणि बाथरूमचा पाईप फुटलेला होता, घरमालक आप्पा लक्ष देत नव्हते म्हणून १० फेब्रुवारीला त्यांना स्पीड पोस्टने नोटीस पाठवली आणि महापालिकेतही अर्ज दिला. ५ मार्चला पाईप मीच बदलून घेतला, ३,२०० रुपये लागले, ते एप्रिलच्या भाड्यातून कापले. आता १२ मे ला आप्पांनी स्लॅबचं काम छान करून दिलंय. पण ते शंभरच्या स्टॅम्पवर टाईप केलेला कागद घेऊन आलेत, त्यात "तक्रार गैरसमजातून केली होती, यापुढे कधीही तक्रार करणार नाही" असं आहे. सही करू का? संबंध बिघडवायचे नाहीत.

उत्तर : ताई, त्या कागदावर सही करू नका. आप्पांना सांगा, मीच माझ्या हाताने लिहून देते. साधा कागद चालतो, तक्रार मागे घ्यायला स्टॅम्प लागत नाही.

"गैरसमज" हा शब्द का नको ते सांगतो. गैरसमज होता म्हणजे स्लॅब गळतच नव्हता असा अर्थ निघतो, मग तुमची नोटीस पोकळ ठरते आणि नोटीस पोकळ ठरली की ३,२०० कापायचा आधारही डळमळतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे घर राहण्याजोगं दुरुस्त ठेवणं हे मालकाचं काम, आणि किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी वेळेत केलं नाही तर भाडेकरू स्वतः करून तो खर्च भाड्यातून कापू शकतो, फक्त एका वर्षात वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या भागापेक्षा जास्त नाही. तुमचं वर्षाचं भाडं ७२,०००, चौथा भाग १८,०००, म्हणजे ३,२०० आरामात बसतात. नोटिशीनंतर २३ दिवस थांबलात हेही बरं केलंत.

पण हे कुठे लिहिलेलं नसेल तर दोन वर्षांनी आप्पांचा मुलगा हिशोब काढून बसेल की एप्रिलचे ३,२०० थकलेत, आणि थकबाकी हे घर खाली करायला लावण्याचं नेहमीचं कारण असतं. म्हणून आभाराच्या पत्रात हा आकडा आलाच पाहिजे. प्लंबरची पावती जपून ठेवा.

दुसरी गोष्ट स्लॅबची. काम झालंय मे महिन्यात, जळगावच्या उन्हात, पाऊस अजून पडलाच नाही, मग "गळती कायमची बंद झाली" असं तुम्ही कशावरून लिहिणार? गच्चीवर कडेने माती-सिमेंटचा बांध घालून पाणी भरा, २४ तास राहू द्या आणि खालून छत बघा, ओल आली का ते कळतं. तरीसुद्धा पत्रात "काम पूर्ण झालं" एवढंच लिहा, मृगाचा पाऊस काय तो निकाल देईल. आणि "यापुढे कधीही तक्रार करणार नाही" हे तर नाहीच, कारण पुढच्या वर्षी ड्रेनेज तुंबलं तर?

कागद दोन करा. महापालिकेच्या कागदावर पैशांचा विषय नको, असं लिहा :

"मी दि. १० फेब्रुवारी रोजी दिलेल्या तक्रार अर्जात (आवक क्र. ___) नमूद केलेली स्लॅबची दुरुस्ती घरमालकांनी दि. १२ मे रोजी पूर्ण केली आहे. त्यामुळे हा अर्ज मी मागे घेत आहे. कृपया तो निकाली काढावा."

आवक नंबर तुमच्या अर्जाच्या पोचवर असतो, तो नाही टाकला तर अर्ज सापडायलाच आठवडा जातो. ह्याचीही शिक्का मारलेली पोच घ्या.

आप्पांना वेगळं पत्र :

"आदरणीय आप्पा, सा. न. हॉलच्या स्लॅबचं वॉटरप्रूफिंग आणि आतलं प्लास्टर आपण १२ मे ला पूर्ण करून दिलंत, काम चांगलं झालं आहे, त्याबद्दल मनापासून आभार. माझ्या १० फेब्रुवारीच्या नोटिशीतली दुरुस्ती झाल्यामुळे त्या नोटिशीबद्दल आता माझं काही म्हणणं नाही आणि महापालिकेतला अर्जही मागे घेत आहे. बाथरूमचा पाईप ५ मार्चला मी बदलून घेतला, त्याचे ३,२०० रुपये एप्रिलच्या भाड्यातून वळते केले आहेत, पावती सोबत जोडली आहे. मे पर्यंतचं भाडं पूर्ण दिलेलं असून काहीही बाकी नाही."

मे चं भाडं खरंच दिलं असेल तरच शेवटचं वाक्य ठेवा, नाहीतर "एप्रिलपर्यंतचं" करा.

दोन प्रती काढा, एकीवर आप्पांची "मिळाले, मान्य" अशी तारखेसकट सही घ्या. बसवून चहा पाजा आणि पत्र वाचून दाखवा, आभार ऐकले की बहुतेक माणसं ३,२०० वर अडत नाहीत. अडलेच तर भांडू नका, तेच पत्र स्पीड पोस्टने पाठवून पावती नोटिशीच्या फाईलला लावा.