क्रांतीच्या कारणांचा निबंध: ‘त्यानंतर’ काढा, ‘म्हणून’ आणा

प्रश्न: फ्रेंच राज्यक्रांतीच्या कारणांवर २००० शब्दांचा निबंध लिहिला. सरांचा शेरा आला, “ही हकीकत झाली, युक्तिवाद कुठे आहे?” माहिती सगळी बरोबर आहे. मग रचना कशी बदलू?

उत्तर: प्रत्येक परिच्छेदाचं फक्त पहिलं वाक्य कोऱ्या कागदावर उतरवून काढा. “१७७४ मध्ये सोळावा लुई गादीवर आला”, “१७७८ मध्ये फ्रान्स अमेरिकेच्या युद्धात उतरला” अशी वाक्यं निघाली तर दोष तिथेच आहे. त्यांच्यामध्ये ‘त्यानंतर’ बसतं, ‘म्हणून’ किंवा ‘तरीही’ बसत नाही. शिवाय यातलं एकही वाक्य कोणी खोडून काढू शकत नाही, म्हणजे ती माहिती आहे, मुद्दा नाही.

यावर बहुतेक जण कालक्रम सोडून सामाजिक, आर्थिक, राजकीय, बौद्धिक असे कप्पे करतात. त्याने हकीकतीची यादी होते, इतकंच. कारणांचं एकमेकांशी नातं काय, हे तरीही कळत नाही.

नातं शोधायचं तर असा प्रसंग घ्या, जिथे तेच कारण हजर होतं पण क्रांती झाली नाही. १७७५ मध्ये पाव महागला, पॅरिसच्या आसपास दंगली झाल्या (‘पिठाचं युद्ध’), सैन्याने त्या काही आठवड्यांत मोडल्या. म्हणजे नुसत्या महागाईने क्रांती होत नाही. १७७० मध्ये अर्थमंत्री तेरे यांनी सरकारी देण्यांचा काही भाग सरळ बुडवला, तरी सिंहासन हललं नाही. म्हणजे नुसत्या दिवाळखोरीनेही होत नाही. मग १७८७ पासून नवीन काय होतं? तेव्हाचे अर्थमंत्री कॅलोन यांनी सगळ्या जमीनमालकांवर कर सुचवला. प्रतिष्ठितांच्या सभेने तो मानला नाही आणि पॅरिसच्या पार्लमांने, म्हणजे तिथल्या उच्च न्यायालयाने, नव्या कराला संमती देण्याचा अधिकार फक्त इस्टेट्स जनरलचा, म्हणजे समाजाच्या तिन्ही वर्गांच्या प्रतिनिधींच्या सभेचा, असं सांगितलं. ती सभा १६१४ नंतर भरलीच नव्हती.

इथे तुमचं मुख्य विधान तयार होतं: कर्जाने राजाला संमती मागायला लावली, संमती कोणी द्यायची या वादाने पैशाच्या पेचाचा सत्तेचा पेच केला आणि महागाईने त्या वादाला रस्त्यावरचं बळ दिलं. तीन कारणं तीन वेगवेगळी कामं करतात, म्हणून त्यांना सारखी जागा देऊ नका. प्रस्तावनेला २००, कर्जाला ४५०, संमतीच्या वादाला ६५०, महागाईला ३५०, विरोधी मताला २५० आणि समारोपाला १०० शब्द पुरतात.

आता महागाईचा परिच्छेद बघा. हकीकत अशी असते: “१३ जुलै १७८८ ला गारपीट झाली, पीक बुडालं, पाव महागला, लोक चिडले.” तोच मजकूर मुद्द्याने सुरू करा:

“महागाईने क्रांतीचा प्रश्न निर्माण केला नाही, तिने त्या प्रश्नामागे गर्दी उभी केली. पॅरिसमध्ये चार पौंडांचा पाव एरवी आठ-नऊ सू या नाण्यांना मिळे, तो फेब्रुवारी १७८९ पर्यंत साडेचौदा सूंवर गेला. १७७५ मध्येही पाव महागला होता, पण तेव्हाचा राग बाजारापुरता राहिला. या वेळी गावोगाव तक्रारींच्या वह्या लिहिल्या जात होत्या आणि प्रतिनिधी निवडले जात होते, म्हणून भुकेला राजकीय वाट मिळाली.”

गारपीट यात आली नाही तरी काही अडत नाही. आकडा मात्र राहिला, कारण तो मुद्द्याचा पुरावा आहे.

कालक्रम पूर्ण टाकायचा नाही. जिथे क्रम हाच पुरावा आहे तिथे तो हवाच. ८ ऑगस्ट १७८८ ला इस्टेट्स जनरल बोलावली गेली. २५ सप्टेंबरला पार्लमांने ती १६१४ च्याच पद्धतीने भरावी असं ठरवलं, म्हणजे धर्मगुरू, सरदार आणि सामान्य जनता हे तिन्ही वर्ग वेगळे बसणार आणि प्रत्येक वर्गाला एक मत. तोवर राजाविरुद्ध असलेला वाद तिथून वर्गावर्गांतला होऊ लागला. हे वळण क्रमाशिवाय सांगताच येत नाही.

विरोधी मत म्हणून प्रबोधनाचे विचार घ्या, आणि ते दुबळं करून मांडू नका. ‘राष्ट्र’ आणि ‘सामान्य इच्छा’ ही भाषा नसती तर १७ जून १७८९ ला तिसऱ्या वर्गाने स्वतःला राष्ट्रीय सभा म्हणवून घेतलं असतं का, हा प्रश्न खरा आहे. तो मान्य करून मर्यादा दाखवा: रूसोचा ‘सामाजिक करार’ १७६२ चा आहे, क्रांती २७ वर्षांनी झाली. विचारांनी वादाला शब्द दिले, वेळ ठरवली नाही.

शेवटी बॅस्टिल. मसुद्यात त्यावर पूर्ण परिच्छेद असेल तर काढा, कारण प्रश्न कारणांचा आहे. १४ जुलै महागाईच्या परिच्छेदाच्या शेवटी एका वाक्यात येऊ द्या: त्या दिवशी पॅरिसमध्ये धान्याचे भाव चढलेले होते आणि व्हर्सायमध्ये सभा आधीच बसलेली होती.