मुलाचे रेल्वे तिकीट : बर्थ घ्यावा की न घ्यावा

सोलापूरहून सिद्धेश्वर एक्स्प्रेसच्या स्लीपरने मुंबईला जाणारे आई-वडील आणि त्यांची 7 व 4 वर्षांची मुले, असे कुटुंब धरून सांगतो. 5 वर्षांखालील मुलाला स्वतंत्र बर्थ नको असेल तर तिकीट लागत नाही. मात्र बर्थ हवा असल्यास त्याचेही पूर्ण भाडे द्यावे लागते.

खरा निर्णय 7 वर्षांच्या मुलाचा आहे. 5 पूर्ण ते 12 वर्षांखालील मुलासाठी 2016 पासून दोन पर्याय आहेत : पूर्ण भाडे भरून स्वतंत्र बर्थ, किंवा बर्थशिवाय अर्धे भाडे. अर्धे होते ते मूळ भाडे. आरक्षण आणि सुपरफास्टचे शुल्क पूर्णच लागत असल्याने एकूण रक्कम निम्म्याहून थोडी जास्त भरते. शिवाय तेव्हा चौघांना मिळून दोनच बर्थ उरतात, आणि अरुंद मधल्या बर्थवर मोठ्या माणसाशेजारी मूल रात्रभर नीट झोपत नाही. म्हणून रात्रीच्या प्रवासाला मी पूर्ण तिकीटच सुचवेन. हुतात्मा एक्स्प्रेससारख्या आरक्षित खुर्चीच्या डब्यांत मात्र अर्ध्या भाड्याचा पर्याय नसतो. मुलाच्या वयाचा पुरावा जवळ ठेवावा.