महागाई शून्य का नको? तुझ्या टिपणाच्या निमित्ताने

प्रिय,

अनेक आशीर्वाद. तुझं टिपण पोचलं आणि दोनदा वाचलं. भाषा स्वच्छ आहे, पण तिसऱ्या परिच्छेदात तू लिहिलंस की "मध्यवर्ती बँकेचं काम भाव स्थिर ठेवणं हे असेल, तर लक्ष्य शून्य टक्के असायला हवं, 2 किंवा 4 टक्के ही निव्वळ तडजोड आहे." हे वाक्य तसंच ठेवलंस तर परीक्षक तुला तिथेच थांबवतील. प्रश्न चांगला आहे. उत्तर मात्र तडजोडीचं नाही, ते कसं ते सांगते.

हा वाद समोरासमोर झाला तो 1996 च्या जुलैत, अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या, म्हणजे फेडरल रिझर्व्हच्या, बंद दाराआडच्या बैठकीत. तिथली इतिवृत्तं पाच वर्षांनी खुली होतात, म्हणून आपल्याला तो वाचता येतो. महागाई तेव्हा तीन टक्क्यांच्या आसपास होती आणि ती आणखी किती खाली न्यायची यावर चर्चा होती. अध्यक्ष ॲलन ग्रीनस्पॅन म्हणाले की, लोक आणि कंपन्या निर्णय घेताना भाववाढीचा विचारच करत नाहीत, ती अवस्था म्हणजे भावस्थैर्य. गव्हर्नर जॅनेट येलन यांनी त्यांना विचारलं, याला आकडा काय? ग्रीनस्पॅन म्हणाले, नीट मोजली तर शून्य. यावर येलन म्हणाल्या की आत्ता ज्या सदोष पद्धतीने मोजतो तिने 2 टक्के, आणि तेही हळूहळू, परिणाम बघत बघत. हा 2 चा आकडा या खोलीबाहेर गेला तर आपली पंचाईत होईल, असंही ग्रीनस्पॅन यांनी सदस्यांना बजावलं. फेडने तो अधिकृतपणे जाहीर केला 2012 च्या जानेवारीत. मधली सोळा वर्षं आकडा होता, फक्त बोलायचा नव्हता.

"नीट मोजली तर" या अटीवर थोडंच सांगते. त्याच वर्षाच्या शेवटी बॉस्किन आयोगाने अमेरिकेचा ग्राहक निर्देशांक महागाई वर्षाला सुमारे 1.1 टक्क्यांनी फुगवून दाखवतो, असा अंदाज दिला. नवी वस्तू जास्त चांगली निघाली तरी वाढीव किंमत महागाईतच धरली जाते, आणि महाग वस्तू सोडून लोक स्वस्त वस्तूकडे वळतात ते निर्देशांकाला उशिरा कळतं. म्हणजे कागदावर 1 टक्का दिसला तर खरी महागाई जवळपास शून्य असू शकते. हे कारण खरं आहे, पण एवढ्यावर 2 चा आकडा उभा राहत नाही. येलन यांचा खरा भर होता पगारावर.

तो मुद्दा मला पुस्तकाआधी कारखान्यात कळला. शिकवायला लागण्याआधी मी एका इंजिनिअरिंग कारखान्याचे हिशेब पाहत होते. 1992 साली मालकांनी यंदा पगारवाढ नाही असं सांगितलं. त्या वर्षी महागाई बारा टक्क्यांच्या आसपास होती. तीन हजार पगार असलेल्या माणसाच्या हातात तीन हजारच राहिले, पण त्यांत सामान आलं आदल्या वर्षीच्या साधारण 2,680 रुपयांचं. म्हणजे साडेदहा टक्क्यांहून थोडा जास्तच पगार गेला. लोक कुरकुरले, चहाच्या टपरीवर शिव्या दिल्या आणि कामावर आले. पुढे 2000 च्या सुमारास पुन्हा ऑर्डर आटल्या. या वेळी महागाई चारेक टक्के होती, म्हणून पगार गोठवून भागेना. मालकांनी सगळ्यांचे पगार सरसकट पाच टक्क्यांनी कापले. हिशेब मांडून बघ: 95 भागिले 104, म्हणजे खरं नुकसान पावणेनऊ टक्क्यांच्या आसपास. आधीपेक्षा कमीच! पण त्या महिन्याच्या पगारचिठ्ठीवर कमी झालेला आकडा छापून आला आणि फाटकाशी सभा झाली. सगळ्यात हुशार तीन टर्नर महिन्याभरात दुसरीकडे गेले. मालकांनी कपात मागे घेतली आणि तिच्याऐवजी सहा जणांना घरी बसवलं.

मंदीत पगार आकड्यात खाली येत नाहीत, म्हणून माणसं कमी होतात. थोडी महागाई असेल तर पगार न कापता तो आपोआप थोडा स्वस्त होतो आणि कारखान्याला माणसं ठेवणं परवडतं. अर्थशास्त्रात याला चाकांना वंगण म्हणतात. येलन यांनी तेव्हा ज्या अभ्यासाचा आधार घेतला, त्याच्या लेखकांपैकी एक होते जॉर्ज अकरलॉफ. ते त्यांचे पतीही आहेत. घरातला वाद दफ्तरात आला असं म्हणायला हरकत नाही.

तू लगेच म्हणशील, हे युनियनवाल्या कारखान्यांचं झालं; आपल्याकडे निम्म्याहून जास्त माणसं असंघटित कामावर, तिथे रोज कमी-जास्त होतच असेल. मलाही तसंच वाटायचं. अर्थशास्त्रज्ञ सुप्रीत कौर यांनी भारतातल्या जिल्ह्यांची अनेक दशकांची आकडेवारी घेऊन शेतमजुरीचे दर तपासले. चांगला पाऊस झाला की मजुरी वाढते. पुढच्या वर्षी पाऊस नेहमीसारखाच पडला तरी वाढलेली मजुरी खाली येत नाही, उलट मजुरांना काम कमी मिळतं. महागाई जास्त असलेल्या वर्षांत मात्र हा अडसर बराच ढिला होतो. रोजंदारीच्या बाजारातही आकडा खाली न्यायला कोणी धजत नाही, म्हणजे हा प्रकार करारापेक्षा माणसाच्या मनात जास्त आहे.

तरी या मुद्द्याची मर्यादा टिपणात लिही. उत्पादकता वाढत असेल तर महागाई शून्य असतानाही पगार वर्षाला दीड-दोन टक्के वाढतात, त्यामुळे गोठवण्याला थोडी जागा उरते. लोकांना शून्य महागाईची सवय लागली तर कपातीबद्दलचा रागही कदाचित बोथट होईल, असं विरोधक तेव्हाच म्हणाले होते. त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नकोस.

आता दुसरं कारण. 1996 मध्ये ते पुस्तकी वाटत होतं, आज तेच सगळ्यात जड आहे. व्याजदर शून्याच्या फार खाली जात नाही, कारण नोटा घरात ठेवल्या तर त्यांवर शून्य व्याज मिळतंच. बँकेने ठेवीवर पैसे कापायला सुरुवात केली की लोक रोख काढतील. थोडं उणं जाता येतं, स्वित्झर्लंड उणे 0.75 पर्यंत गेलं, पण तिथून पुढे वाट अरुंद होते.

हे आकड्यांत बघ. समज, अर्थव्यवस्था ठीक चालली असताना महागाई वजा जाता खरा व्याजदर 1 टक्का लागतो. महागाई 2 टक्के असेल तर बँकेचा नेहमीचा दर 3 राहील. महागाई शून्य असेल तर 1. भाव वर्षाला 1 टक्का उतरत असतील तर नेहमीचाच दर शून्य, म्हणजे मंदी यायच्या आधीच तळ लागला. आणि मंदीत किती कपात लागते? फेडने 2001 पासून दर 6.5 वरून 1 वर आणला. 2007 मध्ये तो 5.25 होता, डिसेंबर 2008 मध्ये शून्य ते पाव टक्क्यावर आला आणि तरी पुरला नाही. पाच टक्क्यांच्या कपातीची गरज असताना खिशात एकच टक्का असेल, तर बँक काय करणार? गंमत म्हणजे अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी 1969 मध्ये नेमकं हेच आदर्श मानलं होतं: व्याजदर शून्य, भाव हळूहळू उतरते, म्हणजे रोख बाळगायला काही खर्च नाही. रोख बाळगण्याच्या खर्चाबद्दल ते बरोबर होते. त्यांच्या मांडणीत नव्हती ती मंदी.

जपानला हा तळ प्रत्यक्ष लागला. फेब्रुवारी 1999 मध्ये दर जवळपास शून्यावर आला, पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये बँकेने घाईने तो पाव टक्का केला आणि 2001 च्या सुरुवातीला पुन्हा खाली आणावा लागला. 2012 पर्यंत तिथे भाव बहुतेक वर्षं किंचित उतरत राहिले, कधी अर्धा टक्का, कधी एक. ऐकायला यात काही वाईट वाटत नाही. पण दर शून्य आणि भाव 1 टक्का खाली, म्हणजे कर्जदाराला खरा व्याजदर 1 टक्का पडतो, आणि तो उणे हवा असतानाही बँकेला खाली नेता येत नाही. वीस लाखांचं गृहकर्ज घेतलेल्याचा हप्ता तोच राहतो, पगार मात्र आकसतो. कंपन्या नवं यंत्र घ्यायच्या ऐवजी जुनं कर्ज फेडत बसतात. जानेवारी 2013 मध्ये जपानने 2 टक्क्यांचं लक्ष्य घेतलं, पुढे दर थोडा उणेही करून पाहिला आणि त्यातून पूर्ण बाहेर पडायला मार्च 2024 उजाडलं.

सगळीच भावघसरण अशी नसते, हेही लिही. 1873 ते 1896 च्या दरम्यान अमेरिकेत भाव उतरत होते आणि उत्पादन वाढत होतं. पण कर्ज काढून शेती करणारे त्या काळात चांगलेच पेटले होते, कारण गहू स्वस्त झाला तरी कर्जाचा आकडा उतरला नाही.

मग 2 च का, 4 का नको? अर्थशास्त्रज्ञ ऑलिव्हिए ब्लांशार यांनी 2010 मध्ये हेच विचारलं, कारण 3 टक्क्यांचा नेहमीचा दरही 2008 सारख्या मंदीला पुरत नाही. उलट बाजूचं म्हणणं असं की 2 टक्क्यांना लोक महागाई विसरतात, 4 ला ती पुन्हा बोलण्यात येते, आणि एकदा लक्ष्य हलवलं की ते परत हलणार नाही यावर कोण विश्वास ठेवणार? मला हे दुसरं म्हणणं पटतं. 2021-22 मध्ये अमेरिकी महागाई 9 टक्क्यांवर गेली तेव्हा लोकांचा किती संताप झाला ते आपण पाहिलं.

भारताच्या परिच्छेदात तू 4 टक्क्यांच्या लक्ष्याला जपानचं कारण लावलंस. ते काढ. आपला रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो, करोनाच्या मे 2020 मध्येही 4 टक्क्यांच्या खाली गेला नाही, आपण त्या तळाला टेकलोच नाही. रिझर्व्ह बँकेच्या ऊर्जित पटेल समितीने जानेवारी 2014 मध्ये 4 टक्के, वर-खाली 2 अशी शिफारस केली तेव्हा चिंता वेगळी होती: महागाई दोन अंकी झालेली, आणि निर्देशांकात अन्नपदार्थांचं वजन जवळपास निम्मं. कांदा-टोमॅटोचे भाव रेपो दराचं ऐकत नाहीत. म्हणूनच एवढा रुंद पट्टा ठेवला.

ऑक्टोबर 2025 मध्ये आपली किरकोळ महागाई 0.25 टक्के निघाली. तुझ्या व्याख्येनुसार आदर्श गाठला! पण त्या महिन्यात अन्नपदार्थ वर्षभरापूर्वीपेक्षा 5 टक्क्यांनी स्वस्त होते आणि बाकीच्या वस्तू-सेवा महागच होत होत्या. शेतकऱ्याच्या हातात येणारा आकडा खाली, त्याच्या मुलाची कॉलेजची फी वर, आणि सरासरी शून्याजवळ. तिसरा परिच्छेद या महिन्यापासून सुरू कर. अन्न आणि अन्नेतर वेगळं काढ, दोन्हींची वजनं लाव आणि तक्ता मला पाठव.

तुझी,
मॅडम