‘स्थिर ढोबळ नफा’ म्हणजे नक्की काय स्थिर?

प्रश्न : परिव्यय लेखांकनात ‘कॉन्स्टंट ग्रॉस मार्जिन मेथड’ला ‘स्थिर ढोबळ नफा पद्धत’ म्हणावं का? इथे स्थिर काय असतं? दोन्ही वस्तूंना सारखाच नफा धरायचा, असा अर्थ घ्यायचा का?

‘स्थिर’ हा शब्द इथे फसवतो. स्थिर म्हणजे काळ बदलला तरी न हलणारं. स्थिर भाडं, स्थिर व्याजदर हे आपण त्याच अर्थाने म्हणतो. एकाच प्रक्रियेतून निघणाऱ्या वस्तूंत त्यांचा संयुक्त खर्च वाटण्याच्या या पद्धतीत काळाचा संबंध नाही. पुढच्या महिन्यात ढोबळ नफ्याचं विक्रीशी प्रमाण २५ टक्क्यांवरून १८ वर आलं तरी पद्धत तीच राहते. एका वस्तूकडून दुसऱ्या वस्तूकडे गेलं तरी ते बदलत नाही, एवढंच त्या विशेषणाला सांगायचं आहे. त्याला मराठीत ‘समान’ किंवा सरळ ‘सारखं’ म्हणतात. शिवाय सारखं असतं ते प्रमाण, रक्कम नव्हे. म्हणून मी ‘समान ढोबळ नफा-प्रमाण पद्धत’ असं म्हणेन. नाव लांबतं, पण त्यातला एकही शब्द गाळण्यासारखा नाही. तो का, हे उदाहरणातच दिसेल.

एकाच प्रक्रियेतून क आणि ख या दोन वस्तू निघतात. त्या वेगळ्या होईपर्यंतचा संयुक्त खर्च ३००. वेगळ्या झाल्यावर क वर आणखी २०० खर्चून ती ५०० ला विकता येते. ख वर १०० खर्चून ती ३०० ला विकता येते. हे ३०० दोघींत कसे वाटायचे, हा मूळ प्रश्न.

या पद्धतीत वाटणीपासून सुरुवात करत नाहीत, शेवटापासून मागे येतात. दोन्ही वस्तूंची अंतिम विक्री ८००. सगळा खर्च ३००, २०० आणि १०० मिळून ६००. उरले २००, म्हणजे विक्रीच्या २५ टक्के. आता हेच प्रमाण प्रत्येकीला लावायचं. क च्या ५०० तून १२५ नफा बाजूला काढला की तिला एकूण खर्च ३७५ सोसतो. त्यातले २०० तिचे स्वतःचे, म्हणून संयुक्त खर्चातला तिचा वाटा १७५. ख च्या ३०० तून ७५ नफा गेला, राहिले २२५, त्यातले १०० स्वतःचे, वाटा १२५. १७५ आणि १२५ मिळून ३००. हिशेब जुळला. नफ्याच्या रकमा १२५ आणि ७५ अशा वेगळ्याच आहेत, तेव्हा ‘दोन्ही वस्तूंना सारखा नफा’ हा अर्थ बाद होतो.

‘नफा’ या शब्दात मराठी वाचकासाठी आणखी एक खड्डा आहे. शाळेच्या अंकगणितात शेकडा नफा खरेदीच्या किमतीवर काढायला शिकवतात. तो संस्कार इतका पक्का असतो की ‘२५ टक्के नफा’ ऐकलं की हात आपोआप खर्चाकडे जातो. एका विद्यार्थिनीने याच गणिताची वही माझ्यासमोर धरली होती. तिने ५०० ला १.२५ ने भागून ४०० काढले, त्यातून २०० वजा करून क चा वाटा २०० लिहिला. ख साठी ३०० चे २४० झाले, वाटा १४०. बेरीज ३४०. वाटायचे होते ३००! हे जास्तीचे ४० कुठून आले, म्हणून ती बेरीज पुन्हा पुन्हा तपासत बसली होती. बेरीज बरोबरच होती, चुकला होता ‘नफा’ शब्दाचा पाया. मार्जिन नेहमी विक्रीवर मोजतात. विक्रीवरचे २५ टक्के म्हणजे खर्चावरचे ३३⅓ टक्के. वाटे मिळून संयुक्त खर्चाइतके भरत नसतील, तर सगळ्यात आधी हीच चूक शोधावी.

‘ढोबळ’ बद्दलही थोडं. रोजच्या बोलण्यात ढोबळ म्हणजे अंदाजे. हिशेबात मात्र तो अर्थ नाही, ढोबळ नफा काटेकोरपणे काढलेला असतो. तो शब्द रुळला आहे, तोच ठेवावा. फक्त हा ढोबळ नफा नफा-तोट्याच्या पत्रकातला नव्हे. इथे विक्री धरायची ती त्या काळात तयार झालेल्या सगळ्या मालाची, त्यातला काही अजून गोदामात पडून असला तरी. प्रत्यक्ष विकलेल्या मालाचे आकडे घेतले की मागचा साठा आत शिरतो आणि प्रमाण बिघडतं.

मला या नावाचं वेगळेपण दुसऱ्याच गोष्टीत वाटतं. बाकीच्या पद्धतींची नावं वाटणीचा आधार सांगतात : वजन, नग, वेगळं होतानाचं विक्रीमूल्य, किंवा अंतिम विक्रीतून पुढचा खर्च वजा करून उरणारं निव्वळ मूल्य. हे नाव आधार सांगतच नाही, ते निकाल सांगतं. निकाल आधी ठरवला आणि खर्चाचे वाटे त्याला जुळतील असे बसवले. त्यामुळे ‘वाटप’ हा शब्दसुद्धा इथे अपुरा पडतो, कारण खर्चाबरोबर नफाही वाटला जातो. निव्वळ मूल्याच्या पद्धतीत पुढचा खर्च फक्त भरून निघतो, सगळा नफा संयुक्त प्रक्रियेच्या पदरात पडतो. इथे पुढच्या खर्चालाही नफ्याचा तेवढाच हक्क मिळतो.

निकाल आधी ठरवल्याने काय होतं, ते एकच गोष्ट हलवून पाहा. पुढचा खर्च एकूण ३०० च राहू द्या, पण क वर ६० आणि ख वर २४० करा. एकूण प्रमाण पुन्हा २५ टक्केच. क चा वाटा ३७५ उणे ६०, म्हणजे ३१५. ख चा वाटा २२५ उणे २४०, म्हणजे उणे १५. वाटायचे ३००, आणि एकटी क उचलते ३१५! ख ला २५ टक्के नफ्यापर्यंत पोचवायचं तर तिच्यावर संयुक्त खर्च टाकून भागत नाही, उलट तिलाच १५ द्यावे लागतात. गणितात हा ऋण वाटा, पण ‘ऋण’ शब्दाने गोंधळू नये : ख ला हे देणं नाही, तिच्या खात्यावर १५ जमा आहेत.

हीच वाटणी निव्वळ मूल्याने केली तर क चं मूल्य ४४०, ख चं ६०. ३०० चे वाटे २६४ आणि ३६. क वर नफा ३५.२ टक्के, ख वर ८. यात दोघींचं प्रमाण सारखं नाही, पण वाटे दोन्ही धन आहेत. ख चा ऋण वाटा पाहून ती वस्तू बंद करावी किंवा वाढवावी, असा निष्कर्ष काढू नये. तिच्यावर २४० खर्चून ३०० येतात, आणि पुढची प्रक्रिया करावी की नाही, हे ठरवताना त्या २४० पायी किती जास्त मिळतं तेवढंच बघायचं. वेगळी होतानाच ती ६० पेक्षा जास्त किमतीला विकली जात असेल, तर पुढे नेण्यात तोटा आहे, आणि हे सांगायला ३०० ची कोणतीच वाटणी लागत नाही.

म्हणून परीक्षेत किंवा पुस्तकात ‘स्थिर ढोबळ नफा पद्धत’ असं छापलेलं असेल तर तेच नाव लिहावं, गुण त्यावरच आहेत. स्वतः लिहिताना मात्र पहिल्यांदा ‘विक्रीवरील समान ढोबळ नफा-प्रमाण’ असं पूर्ण लिहून, पुढे नुसतं ‘समान प्रमाण पद्धत’ म्हटलं तरी चालेल.