किराणा दुकानातला पहिला मदतनीस: वाचकांचे प्रश्न

"दुकानाबाहेर 'मुलगा पाहिजे' अशी पाटी लावली. फोन खूप आले, पण वेळ आणि पगार ऐकल्यावर बहुतेकांनी नको म्हटलं. जाहिरात कशी लिहू?" (मानेवाडा)

वेळ आणि पगार पाटीवरच लिहा, म्हणजे ज्यांना जमत नाही ते फोनच करणार नाहीत. मजकूर असा ठेवा:

"किराणा दुकानात मदतनीस पाहिजे, स्त्री किंवा पुरुष, वय १८ च्या वर. काम: ग्राहकांना माल देणे, वजन करून पाकिटे भरणे, रॅक लावणे. पोती उचलावी लागतील. वेळ: सकाळी ८ ते १, सायंकाळी ४:३० ते ८:३०. मंगळवारी सुट्टी. पगार महिना … रुपये, ७ तारखेला. मराठी व हिंदी बोलता यावे. नाव आणि राहण्याचा भाग व्हॉट्सॲपवर पाठवा."

पगाराच्या जागी 'योग्य पगार' लिहू नका, नक्की आकडा टाका. त्याआधी कामगार विभागाचा दुकानांसाठीचा चालू किमान वेतन दर बघून घ्या.

राहण्याचा भाग विचारायचं कारण दुपारची सुट्टी. हुडकेश्वर किंवा म्हाळगीनगरचा माणूस मधल्या साडेतीन तासांत घरी जाऊन जेवून येईल. कामठीहून येणाऱ्याला मात्र मे महिन्याच्या उन्हात दोन फेऱ्या माराव्या लागतील आणि तो पहिल्याच उन्हाळ्यात काम सोडेल. पाटीसोबत हाच मजकूर आसपासच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर टाका. जवळची माणसं तिथूनच मिळतात.

"मुलाखतीत सगळेच 'हो, जमते' म्हणतात. खरं कसं ओळखायचं?" (नंदनवन)

बोलणं पाच मिनिटांत आटपा आणि काम करून दाखवायला सांगा. वाटी काट्यावर ठेवा आणि तिच्यात पाव किलो शेंगदाणे मोजायला सांगा. रिकामी वाटी ठेवून काटा शून्यावर घेतला का, ते बघा. वाटी ६० ग्रॅमची असेल आणि शून्य केलं नाही, तर ग्राहकाला १९० ग्रॅमच मिळतील. हे न येणाऱ्याला नापास करू नका. एकदा दाखवा, थोड्या वेळाने पुन्हा करायला द्या. दुसऱ्यांदा बरोबर केलं तर माणूस शिकणारा आहे, आणि आमच्या मते तेच बघायचं असतं.

मग हिशेब. १६० रुपये किलोची तूर डाळ पाऊण किलो, ५६ रुपये किलोचे पोहे अर्धा किलो, १० रुपयांचा बिस्किट पुडा. ग्राहकाने ५०० ची नोट दिली. बिल १५८, परत ३४२. कॅल्क्युलेटर वापरू द्या. लक्ष द्यायचं ते पैसे परत देताना: मोठ्याने मोजत, २ देऊन १६०, ४० देऊन २००, ३०० देऊन ५०० अशी बेरीज पुरी करतो, की नोटांची घडी हातात कोंबतो?

एकच प्रश्न नीट विचारा: "मागच्या कामावर सकाळी आल्यापासून काय काय करत होता?" खरं काम केलेला माणूस बारीकसारीक सांगतो. लग्न, मूल, जात हे विषय काढायचेच नाहीत. पसंत पडल्यास एक दिवस कामावर बोलवा आणि त्या दिवसाचे पैसे द्या.

"पहिल्या आठवड्यात काय शिकवू? गर्दीत मला वेळच मिळत नाही." (खामला)

१ ते १० तारखेत कुणालाही रुजू करू नका. पगार झालेली कुटुंबं तेव्हाच महिन्याचा किराणा भरतात. १५ नंतरचा बुधवार घ्या, म्हणजे मंगळवारच्या सुट्टीपर्यंत सहा दिवस सलग मिळतात.

पहिला दिवस फक्त जागा ओळखण्याचा. वीस वस्तूंची यादी द्या आणि आणायला सांगा; संध्याकाळी तीच यादी उलट्या क्रमाने. दुसऱ्या दिवशी रॅक: जुना माल पुढे, नवा मागे, मुदत संपत आलेला वेगळ्या खोक्यात. तिसऱ्या दिवशी अर्धा किलोची पाकिटं भरणं. दर पाचवं पाकीट तुम्ही स्वतः मोजा. सगळी पाकिटं सारखीच कमी भरत असतील तर काटा शून्यावर नाही. कधी कमी, कधी जास्त असतील तर घाई होते आहे.

चौथ्या दिवशी दुपारच्या आधी ग्राहक, तुम्ही बाजूला उभे. पाचवा दिवस यूपीआयचा, आणि इथेच दुकानाचे पैसे बुडतात. ग्राहकाने दाखवलेला स्क्रीनशॉट धरायचा नाही. साउंडबॉक्सने रक्कम बोलली पाहिजे आणि ती बिलाइतकीच पाहिजे. १५८ च्या जागी १५ ऐकू आलं तर तिथेच थांबवायचं. नेट बंद असेल तर तुम्हाला हाक मारायची. सहाव्या दिवशी संध्याकाळच्या गर्दीत उभं करा, पण गल्ला तुमच्याच हातात ठेवा. उधारी लिहिणं पहिला महिनाभर देऊ नका.

रोज दुकान बंद करताना दहा मिनिटं बसा. आज काय अडलं ते विचारा आणि तेवढंच पुन्हा करून घ्या.

"हिशेबात पैसे कमी भरले तर पगारातून कापू का?" (महाल)

शिकण्याच्या काळात नको. कापले की माणूस चूक सांगायची बंद करतो आणि ती महिनाभर चालूच राहते. चूक कोणत्या वेळी आणि कशात झाली, एवढं वहीत लिहा. रोज सात वाजताच पैसे कमी पडत असतील, तर त्या वेळी काउंटरवर दोन माणसं लागतात.