थीटा रोज सारखा का कापत नाही
थीटा म्हणजे दिवस सरतात तशी ऑप्शनच्या किमतीत रोज होणारी घट. ६० दिवसांचा प्रीमियम, म्हणजे ऑप्शनची किंमत, भागिले ६० असं रोजचं नुकसान काढू नकोस, तसं होत नाही. अ‍ॅट द मनी, म्हणजे स्ट्राइक चालू भावाजवळ असलेल्या ऑप्शनची टाइम व्हॅल्यू, म्हणजे उरलेल्या वेळेची किंमत, साधारण उरलेल्या दिवसांच्या वर्गमुळाप्रमाणे चालते. समज ६४ दिवस बाकी असताना प्रीमियम ८० आहे, भाव आणि आयव्ही, म्हणजे बाजाराला अपेक्षित असलेला चढउतार, जागच्या जागी धरले तर ३६ दिवसांवर ६०, १६ वर ४०, ४ वर २० आणि मग शून्य. म्हणजे पहिले २० जायला २८ दिवस लागले, शेवटचे २० चारच दिवसांत साफ. पण हे अ‍ॅट द मनीचंच हां, लांबच्या आउट ऑफ द मनीचा, म्हणजे आत्ताच्या भावाला वापरून काहीच मिळणार नाही अशा ऑप्शनचा, प्रीमियम बहुतेक आधीच संपलेला असतो, शेवटच्या आठवड्यात त्यात कापायला उरतंच काय? आणि शेवटी थीटा मोठा दिसतो म्हणून विकायला धावशील तर गॅमाही, म्हणजे भाव हलला की ऑप्शनच्या किमतीचा वेग किती बदलतो तेही, तेव्हाच सगळ्यात जास्त असतो, एका झटक्यात आठवड्याची कमाई जाते.